काकूंची पावती आणि तेवीस हजारांचा प्रश्न

२०२५ च्या रामनवमीला आमच्या इमारतीतल्या काकू सुंठवड्याची वाटी घेऊन आल्या. वाटी टेबलावर ठेवली आणि पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली एक पावती काढली. "अगं, जरा बघ ना. बँकेनं माझे तेवीस हजार खाल्लेत असं मला वाटतंय, पण भांडायला जायच्या आधी तुला विचारावं म्हटलं."

मी काही वर्षं एका बँकेच्या ठेव विभागात होते, आता लोकांची आयकर रिटर्न भरून देते. एफडीची पावती आणि हातात पडणारे पैसे यांचा मेळ बसत नाही, ही तक्रार मी शेकडो वेळा ऐकली आहे. काकूंचं प्रकरण इथे सविस्तर मांडते आहे, कारण एफडीच्या पावतीत जे जे कळायला अवघड असतं ते सगळं या एकाच पावतीत होतं. काकूंना विचारूनच लिहिते आहे. त्यांचं नाव आणि बँक यांची इथे गरज नाही.

पावतीवर होतं ते असं: ठेवीची रक्कम १०,००,०००. ठेवल्याची तारीख ३१ मार्च २०२३. मुदत ३ वर्षं. व्याजदर ७.५० टक्के, त्यातला अर्धा टक्का ज्येष्ठ नागरिक म्हणून. मुदतपूर्तीची तारीख ३१ मार्च २०२६ आणि मुदतपूर्तीची रक्कम १२,४९,७१६. पहिलं नाव काकूंचं, दुसरं मुलाचं. आणि पावतीच्या तळाशी, चष्मा लावूनही नीट न दिसणाऱ्या अक्षरांत एक ओळ: मुदतपूर्तीची रक्कम कर कपातीच्या अधीन.

काकूंचा हिशेब सरळ होता. तीन वर्षांचं व्याज २,४९,७१६, म्हणजे दोन वर्षांचं त्याच्या दोन तृतीयांश, १,६६,४७७. दोन वर्षं ३१ मार्च २०२५ ला पूर्ण झाली. मोबाइलवर बँकेच्या अ‍ॅपमध्ये ठेव दिसत होती ११,४३,२४८. म्हणजे व्याज १,४३,२४८. फरक २३,२२९. तक्रार रुपयापर्यंत बरोबर होती. शिक्षण खात्यात कारकुनी केलेल्या बाईंचा हिशेब चुकणार तरी कसा! गृहीत धरलेलं तेवढं चुकलं होतं.

हे २३ हजार एका जागी गेले नव्हते. तीन वेगवेगळ्या कारणांनी तीन वाटण्या झाल्या होत्या, आणि त्यातल्या दोनच खऱ्या अर्थानं 'गेल्या' होत्या.

पहिली वाटणी चक्रवाढीची. काकूंची ठेव संचयी प्रकारची. अशा ठेवीत दर तीन महिन्यांनी व्याज धरलं जातं आणि ते मुद्दलात मिसळतं, पुढच्या तिमाहीचं व्याज या वाढलेल्या रकमेवर. तिमाहीचा दर ७.५ भागिले ४, म्हणजे १.८७५ टक्के. पहिल्या तिमाहीचं व्याज १८,७५०. बाराव्या तिमाहीचं जवळपास २३ हजार. व्याज शेवटाकडे फुगत जातं, म्हणून ते तीन वर्षांत सारखं वाटता येत नाही. बारा तिमाह्यांचा हिशेब एका ओळीत असा:

```
१०,००,००० × (१ + ०.०७५ ÷ ४)^१२ = १२,४९,७१६
```

बाराच्या जागी आठ घातले की दोन वर्षांची रक्कम येते ११,६०,२२२. म्हणजे दोन वर्षांचं व्याज १,६०,२२२, काकूंच्या अंदाजापेक्षा ६,२५५ नं कमी. हे पैसे कुणी घेतलेले नाहीत, ते तिसऱ्या वर्षात येणार आहेत. इथेच सांगते, याच गणितावर काही ठिकाणी 'वार्षिक उत्पन्न ८.३२ टक्के' असा आकर्षक आकडा सांगितला जातो. २,४९,७१६ ला तीनानं भागलं की तो मिळतो. पण दहा लाखांवर पहिल्या वर्षी खरं व्याज पडतं ७७,१३६, म्हणजे ७.७१ टक्के. दोन बँकांच्या ठेवींची तुलना करायची तर एक तर पावतीवरचे व्याजदर शेजारी ठेवावेत, नाहीतर मुदत तीच धरून मुदतपूर्तीच्या रकमा. हा मधला फुगलेला आकडा तुलनेला उपयोगाचा नाही.

दुसरी वाटणी सगळ्यात मोठी, १५,९१६ रुपयांची. हा टीडीएस.

इथे काकू जरा चिडल्या. "व्याज मला मिळालेलंच नाही, ते तर ठेवीतच आहे. मग कर कशाचा?" प्रश्न रास्त आहे आणि बहुतेकांचा हाच असतो. पण तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १९४अ प्रमाणे बँकेनं व्याज तुमच्या नावे जमा धरलं की कर कापायचा असतो, ते हातात दिलं की नाही याचा संबंध नाही. संचयी ठेवीतसुद्धा दर वर्षीचं व्याज त्या त्या वर्षाचं उत्पन्न मानून कपात होते. एका आर्थिक वर्षात एका बँकेतल्या सगळ्या ठेवींचं व्याज मर्यादेपलीकडे गेलं की दहा टक्के कापले जातात. ज्येष्ठांसाठी ही मर्यादा मार्च २०२५ पर्यंत ५०,००० होती. काकूंचं व्याज दोन्ही वर्षी त्याच्या वर होतं, म्हणून पहिल्या वर्षी ७,६९२ आणि दुसऱ्या वर्षी ८,२२४ रुपये गेले.

आता हे पैसे कुठून कापले गेले, हेही बघावं लागतं. ठेवीला बचत खातं जोडलेलं असेल तर पुष्कळ बँका टीडीएस त्या खात्यातून घेतात, आणि मग ठेव पावतीप्रमाणेच वाढत राहते. काकूंचं त्या बँकेत बचत खातं नव्हतं. पेन्शन दुसऱ्या बँकेत येतं. त्यामुळे टीडीएस दर तिमाहीला ठेवीतूनच वजा होत गेला. म्हणजे १८,७५० व्याज पडलं की त्यातले १,८७५ सरकारकडे गेले आणि मुद्दलात मिसळले फक्त १६,८७५.

त्यातूनच तिसरी वाटणी आली, १,०५७ रुपयांची. कापलेल्या करावर पुढे जे व्याज मिळालं असतं ते. दिसायला ही सगळ्यात लहान, पण टीडीएसचे पैसे परत येऊ शकतात, हे मात्र कधीच येत नाहीत.

मी कागदावर खालोखाल लिहून दिलं: ६,२५५, १५,९१६, १,०५७. बेरीज २३,२२८, एक रुपयाचा फरक पूर्णांकाचा. काकूंनी स्वतः पुन्हा बेरीज केली आणि मग म्हणाल्या, "बँकेनं नाही खाल्ले म्हणायचे. पण माझ्या पेन्शनवर तर करच लागत नाही!"

खरं प्रकरण इथून सुरू झालं.

काकूंचं पेन्शन महिना १८,०००, वर्षाला २,१६,०००. त्यात पहिल्या वर्षीचं व्याज सुमारे ७७ हजार आणि दुसऱ्या वर्षीचं सुमारे ८२ हजार मिळवलं तरी एकूण उत्पन्न तीन लाखांच्या आत. दोन्ही वर्षी त्यांना एक रुपयाही कर लागू नव्हता. अशा वेळी साठ वर्षांवरची व्यक्ती तेव्हा फॉर्म १५एच भरून बँकेला कळवू शकत होती की माझ्या अंदाजे उत्पन्नावर कर शून्य आहे, टीडीएस कापू नका. साठच्या आतल्यांसाठी फॉर्म १५जी होता, त्याच्या अटी थोड्या कडक. काकूंनी १५एच दिलाही होता, पण पेन्शनच्या बँकेत. त्यांची समजूत अशी की फॉर्म सरकारकडे जातो आणि सगळीकडे चालतो. तसं नसतं. प्रत्येक बँकेला वेगळा द्यावा लागतो आणि दर आर्थिक वर्षी नव्यानं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पहिली तिमाही संपायच्या आत दिलेला बरा, कारण एकदा कापून सरकारकडे भरलेला कर बँक परत देऊ शकत नाही. तो रिटर्न भरूनच मिळवावा लागतो. आणि बँकेत पॅन नोंदलेला हवा. पॅन नसेल तर दर वीस टक्के होतो आणि १५एच सुद्धा चालत नाही.

रिटर्न काकूंनी कधी भरलंच नव्हतं. कर लागत नाही तर रिटर्न कशाला, हा त्यांचा विचार. कर कापला गेलेला असेल तर हाच विचार महागात पडतो.

त्यांच्या पॅननं आयकर पोर्टलवर जाऊन फॉर्म २६एएस उघडला. हा कागद प्रत्येकानं वर्षातून एकदा तरी बघावा असं मला मनापासून वाटतं. कुणी किती कर कापला आणि तो तुमच्या पॅनवर खरंच जमा झाला की नाही, हे तिथे दिसतं. पहिल्या वर्षाच्या चारही तिमाह्यांच्या नोंदी होत्या. दुसऱ्या वर्षाच्या तीन होत्या, जानेवारी ते मार्चची चौथी अजून यायची होती. बँकांना त्या तिमाहीचं विवरण भरायला ३१ मे पर्यंत मुदत असते, म्हणून एप्रिलमध्ये ती दिसत नाही, त्यात गडबड काही नाही. नोंदी काकूंच्या पॅनवर होत्या, मुलाच्या नाही. जोडखात्यात टीडीएस पहिल्या नावावर पडतो. पहिलं नाव कुणाचं ठेवायचं हे ठरवताना ही गोष्ट फारसं कुणी ध्यानात घेत नाही.

दुसऱ्या वर्षाचा मार्ग सरळ होता: २०२४-२५ चं रिटर्न भरायचं आणि ८,२२४ परत मागायचे. पहिल्या वर्षाचं अवघड. २०२३-२४ चं उशिरा रिटर्न भरायची शेवटची तारीख वाढवून १५ जानेवारी २०२५ केली होती, तीही उलटून जवळपास तीन महिने झाले होते. त्यानंतर 'अपडेटेड' रिटर्न भरता येतं, पण त्यात परतावा मागता येत नाही. उरतो एकच रस्ता: कलम ११९(२)(ब) खाली उशीर माफ करावा असा अर्ज. करनिर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या पुढचं आर्थिक वर्ष, संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो करता येतो. कारण पटलं तर आयुक्त परवानगी देतात आणि मग रिटर्न भरता येतं. मंजुरीची हमी नाही. काकूंना मी तसंच स्पष्ट सांगितलं.

एवढं झाल्यावर काकूंनी खरं काम सांगितलं. वरच्या मजल्यावर घर असल्यानं स्लॅब गळत होता. वॉटरप्रूफिंग, आतलं प्लास्टर, सडलेली वायरिंग धरून चार लाखांचा खर्च. पावसाळ्याच्या आत व्हायला हवं. म्हणून एफडी मोडायची होती. "एक टक्का कापतात म्हणे. साडेसातचं साडेसहा होईल. तेवढं सोसेन."

मुदतीआधी मोडताना हीच गफलत सगळ्यात जास्त होते. एक टक्का पावतीवरच्या दरातून जात नाही. बँक आधी बघते की ठेव प्रत्यक्षात किती काळ राहिली, आणि ठेव ठेवली त्या दिवशी तेवढ्या मुदतीला काय दर होता. तो दर आणि पावतीवरचा दर यातला जो कमी, त्यातून दंड वजा होतो. काकूंच्या बँकेत मार्च २०२३ मध्ये दोन वर्षांच्या ठेवीला ज्येष्ठांना ७.२५ टक्के होते. त्यातून एक टक्का गेला की राहतात ६.२५. आणि हा दर पहिल्या दिवसापासून लागतो. म्हणजे दोन वर्षं साडेसातनं मिळालेलं सगळं व्याज पुसून सव्वासहानं पुन्हा मांडलं जातं. आधी कापलेला टीडीएस वजा करून काकूंच्या हातात आले असते सुमारे ११,१५,२६२. अ‍ॅपमध्ये दिसत होते ११,४३,२४८. मोडायच्या एका सहीची किंमत जवळपास २८ हजार.

दंडाचा दर बँकेगणिक बदलतो, कुठे अर्धा टक्का, कुठे एक, आणि तो ठेव ठेवतानाच्या नियमपत्रात असतो. सात दिवसांच्या आत मोडली तर व्याजच मिळत नाही. करबचतीची पाच वर्षांची ठेव असेल तर ती मुदतीआधी मोडताच येत नाही. काकूंची साधी ठेव होती, तो अडथळा नव्हता.

आणखी एक गंमतीची नव्हे, काळजीची गोष्ट. मोडताना जो नवा हिशेब होतो, त्यात प्रत्यक्ष व्याज १,३१,००० च्या आसपास राहतं, पण टीडीएस कापलेला असतो जुन्या, चढ्या व्याजावर. चालू वर्षातली जादा कपात काही बँका जुळवून घेतात, मागच्या वर्षांची मात्र रिटर्नमधूनच मागावी लागते. ज्यांना कर लागतो त्यांनी तर जास्तच सावध राहायला हवं, कारण न मिळालेल्या व्याजावर त्यांनी कर भरलेला असतो.

काकूंची विहीण दर महिन्याला व्याज घेते. काकूंना वाटलं, तसं घेतलं असतं तर बरं झालं असतं का? मी तोही हिशेब मांडला. दहा लाखांवर साडेसात टक्क्यांनी महिन्याला ६,२५० येतील असं वाटतं, पण येतात ६,२११. व्याजदर तिमाहीचा आहे, पैसे महिन्याला लवकर मिळतात, म्हणून बँक तेवढी सूट कापून देते. तिमाही व्याज घेतलं असतं तर पूर्ण १८,७५० मिळाले असते. दोन्हींत टीडीएसचे नियम तेच. पण अशी ठेव मुदतीआधी मोडली की धक्का मोठा बसतो. दोन वर्षांत महिन्याला ६,२११ प्रमाणे दिलेलं व्याज होतं १,४९,००० च्या वर. सव्वासहाच्या दरानं देणं निघतं महिन्याला ५,१८१, म्हणजे १,२४,००० च्या वर. मधले साधारण २४,७०० बँक मुद्दलातून परत घेते. दहा लाख ठेवले आणि पावणेदहा लाख हातात आले, असं लोक सांगत येतात ते याच कारणानं. संचयी ठेवीत तोटा व्याजात लपतो, मासिक व्याजाच्या ठेवीत तो मुद्दलात दिसतो. रक्कम जवळपास सारखीच असते.

मासिक व्याज ज्यांना घर चालवायला लागतं त्यांनी ते जरूर घ्यावं. काकूंचं पेन्शनमध्ये भागत होतं, त्यांना संचयीच योग्य होती. ठेव एकाच पावतीत ठेवली, ही मात्र मला चूक वाटते. दोन-दोन लाखांच्या पाच पावत्या केल्या असत्या तर दोन मोडून काम झालं असतं आणि बाकीच्या तीन साडेसातनं चालत राहिल्या असत्या. दर आणि तारीख तीच राहिली असती, कागद फक्त पाच झाले असते. काही बँका एकाच ठेवीतून गरजेपुरता भाग मोडू देतात. काकूंच्या पावतीला ती सोय नव्हती.

मग मी विचारलं, "काकू, पावतीवर कर्ज घ्यायचं का?"

"या वयात कर्ज? नको गं बाई."

कर्ज म्हटलं की हप्ते, जामीनदार, वसुली असं डोळ्यांसमोर येतं. ठेवीवरचं ओव्हरड्राफ्ट तसं नसतं. बँक ठेवीवर आपला हक्क नोंदवते, ज्याला 'लिन' म्हणतात, आणि ठेवीच्या साधारण नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम वापरायला देते. जेवढी वापराल आणि जितके दिवस वापराल तेवढ्यावरच व्याज. ठेव मात्र आपल्या साडेसातनं वाढतच राहते. काकूंच्या बँकेत ठेवीच्या दरावर एक टक्का जादा, म्हणजे साडेआठ टक्के दर होता.

दोन्ही बाजू ३१ मार्च २०२६ पर्यंत नेऊन बघितल्या. मोडली तर ११,१५,२६२ मधून चार लाख घरात गेले, उरलेले ७,१५,२६२ एका वर्षासाठी पुन्हा ठेवले. त्या वेळी एका वर्षाला काकूंना ७.२५ टक्के मिळत होते. वर्षअखेर होतात ७,६८,५४५. नाही मोडली तर ११,४३,२४८ चे तिसऱ्या वर्षी होतात १२,३१,४३४. यात टीडीएस धरलेला नाही, कारण एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांची मर्यादा एक लाख झाली आणि काकूंचं त्या वर्षीचं व्याज ८८ हजारांच्या आसपासच होतं. त्यातून चार लाखांचं कर्ज आणि वर्षभर एक पैसाही न भरता साचलेलं व्याज मिळून ४,३५,३५६ वजा करायचे. उरतात ७,९६,०७८. कर्जाचा रस्ता साडेसत्तावीस हजारांनी चांगला.

काकूंनी दोन्ही आकडे तीन-तीनदा वाचले. साडेआठनं घेतलेलं कर्ज साडेसातच्या ठेवीपेक्षा स्वस्त कसं, हे त्यांना पटेना. त्याचं उत्तर असं की कर्जाचा जादा भार फक्त एका टक्क्याचा, तोही चार लाखांवर आणि एका वर्षाचा, म्हणजे चार-पाच हजार. मोडण्याचा दंड मात्र पूर्ण ठेवीवर आणि मागच्या दोन्ही वर्षांचा. ठेव तीन महिन्यांची असती तर उलट झालं असतं. तेव्हा पुसायला व्याजच थोडं असतं आणि पुढे पावणेतीन वर्षं कर्जाचं जादा व्याज चालू राहतं, म्हणून नवी ठेव मोडलेलीच बरी. गरज नऊ-दहा लाखांची आणि लांबच्या काळाची असती तरीही मी मोडायलाच सांगितलं असतं. निर्णय तीन गोष्टींवर फिरतो: ठेवीचं वय, उरलेली मुदत आणि किती पैसे हवेत.

बँकेत गेल्यावर एक अडचण आली. पावतीवर 'दोघांपैकी एक किंवा हयात' अशी नोंद होती, म्हणून काकूंना वाटलं आपली एक सही पुरे. मुदत संपल्यावर पैसे घ्यायला ती पुरते. मुदतीआधी मोडायचं तर बँका दोघांच्याही सह्या मागतात, आणि ओव्हरड्राफ्टच्या कागदांवरही इथे दोघांची सही लागली. मुलगा परगावी नोकरीला. तो शनिवारी येऊन सही करून गेला. मी मात्र घाईनं एक काम करून घेतलं, ते म्हणजे पावतीवरची मुदतपूर्तीची सूचना बदलून घेणं. तिथे 'मुद्दल व व्याजासह आपोआप नूतनीकरण' अशी खूण होती. ती तशीच राहिली असती तर ठेव त्या दिवशीच्या दरानं पुन्हा तीन वर्षांसाठी अडकली असती. काकूंनी त्याच बँकेत बचत खातं उघडलं आणि रक्कम तिथे जमा करायची सूचना दिली. सूचनाच नसली आणि ठेव मुदत संपूनही तशीच पडून राहिली, तर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यातला जो कमी तेवढंच व्याज मिळतं.

त्याच दिवशी १५एच ही भरून दिला. त्या वर्षी व्याज मर्यादेच्या आत असल्यानं त्याची तशी गरज नव्हती, पण त्याच बँकेत आणखी एखादी ठेव झाली तर दोन्हींचं व्याज एकत्र मोजतात आणि एक लाखाची रेघ सहज ओलांडली जाते. फॉर्मची पोच घेऊन पावतीच्या पाकिटातच ठेवायला सांगितली. एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आहे, त्यामुळे पुढच्या वर्षांसाठी बँकेकडून त्या वेळी चालू असलेला फॉर्मच मागून घ्यावा, घरातला जुना भरू नये.

काम मेअखेर झालं. जूनमध्ये २६एएस मध्ये चौथी नोंद दिसली आणि जुलैत काकूंचं आयुष्यातलं पहिलं रिटर्न भरलं. परतावा आला ८,२२० रुपये. मागितले होते ८,२२४, पण परतावा दहाच्या पटीत पूर्णांक होतो. ते चार रुपये कुठे गेले हे काकूंनी विचारलंच, आणि ते सांगितल्यावर त्या रकमेचा भरणा सरळ ओव्हरड्राफ्ट खात्यात करून आल्या. पहिल्या वर्षाच्या ७,६९२ साठी उशीर माफीचा अर्ज पोर्टलवरून केला, सोबत पावतीची प्रत, २६एएस आणि दुसऱ्या बँकेत दिलेल्या १५एच ची पोच जोडली. त्या पोचेवर जून २०२३ चा शिक्का आहे.